तिकीट रद्द करण्याआधी एआय एजंटने विचारलं होतं, ग्राहक "हो" म्हणाला होता. मग चुकलं कुठे?

पूर्वा_पुणे

नमस्कार मंडळी. धागा तंत्रज्ञान विभागात टाकतेय, पण उत्तरं फक्त प्रोग्रामर मंडळींनीच द्यावीत असं अजिबात नाही.

मी पुण्यात एका छोट्या प्रवासी कंपनीत काम करते. रेल्वे, बस, हॉटेल अशी बुकिंग आम्ही करून देतो. गेल्या वर्षी चॅटवर एआय एजंट बसवला. ग्राहक मराठीत किंवा हिंदीत लिहितो, एजंट त्याचं बुकिंग शोधतो, लागलं तर बदलतो, रद्दही करतो. पहिल्या दिवसापासून आमचा एक नियम होता: पैसे जाणार असतील किंवा बुकिंग रद्द होणार असेल तर आधी ग्राहकाला विचारायचं आणि "हो" आल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा नियम एजंटला दिलेल्या सूचनांमध्ये लिहिलेला होता आणि एजंट तो पाळतही होता.

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. पुणे ते नागपूर, थ्री एसी, एका पीएनआरवर चौघं: नवरा, बायको, मुलगी आणि आजी. आरक्षण उघडलं त्याच सकाळी काढलेलं तिकीट, चारही जागा पक्क्या. निघायला सहा दिवस असताना आजींचा गुडघा दुखावला. त्यांच्या मुलाने चॅटवर लिहिलं, "आईला यायला जमणार नाही. तिकीट रद्द करा." एजंटने विचारलं, "तुमचं पुणे ते नागपूर तिकीट रद्द करू का?" त्यांनी लिहिलं, "हो."

चौघांच्याही जागा गेल्या.

थ्री एसीला तेव्हाच्या नियमाने माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी कापला गेला, म्हणजे १८९. आजींचे कापले जाणारच होते. बाकी तिघांचे फुकट गेले ते ५६७ रुपये. ते आम्ही दुसऱ्या दिवशी परत केले. पण जागा कुठून आणणार? नवं तिकीट काढायला गेलो तर लांबलचक वेटिंग. शेवटी तिघांना बसने पाठवलं.

आता ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रत्येक पायरीला विचारा. दुसरा म्हणतो, लोक वैतागतात, २००० रुपयांच्या खालच्या व्यवहाराला विचारूच नका. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाही. तुमचं काय म्हणणं?

---

अण्णा_कोल्हापूर

एजंट लोकांचं हे नेहमीचंच आहे. आमच्या स्टँडजवळच्या एजंटने माझ्या मेव्हण्याचं तिकीट असंच परस्पर रद्द केलं होतं आणि पैसे महिनाभर दिले नाहीत. ताई, तुम्ही आधी तो माणूस बदला. आणि मला एक कळत नाही, तिकीट रद्द करताना प्रवाशाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. ओटीपी सांगितल्याशिवाय रद्द होतच नाही. मग त्यांनी ओटीपी का सांगितला?

---

पूर्वा_पुणे

अण्णा, हा एजंट म्हणजे माणूस नाही. संगणकावरचा प्रोग्राम आहे, माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलता येतं आणि तो कामही करून टाकतो. पण ओटीपीचा मुद्दा चांगला काढलात. त्या दिवशी ओटीपी आला होता हे खरं.

---

मंदार_ठाणे

माणूस असता तर निदान त्याला स्टँडवर जाऊन गाठता आलं असतं अण्णा :)

---

खिडकी_नंबर_३

मी भुसावळला आरक्षण खिडकीवर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. अण्णांचं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही.

अधिकृत एजंटाकडून काढलेल्या ई-तिकिटांना ओटीपी येतो, ही पद्धत आयआरसीटीसीने २०१९ च्या ऑक्टोबरात सुरू केली. पण तो ओटीपी रद्द करायला परवानगी देण्यासाठी नसतो. तिकीट आधी रद्द होतं, मग परताव्याची रक्कम आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाईलवर जातो. तो ओटीपी एजंटाला सांगितला की परतावा पुढे सरकतो. एजंटाने पैसे दाबून ठेवू नयेत म्हणून ही सोय आहे. पूर्वाताईंच्या गिऱ्हाइकाला ओटीपी आला तेव्हा जागा केव्हाच सुटलेल्या होत्या. त्याने ओटीपी सांगितला नसता तरी जागा परत मिळाल्या नसत्या, उलट पैसे अडकले असते.

आता मूळ प्रश्न. खिडकीवर रद्द करायलाही फॉर्म लागतो. आरक्षणाला जो कागद, तोच रद्द करायला. त्यावर गाडी, तारीख आणि ज्यांचं रद्द करायचं त्यांची नावं, सगळं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने लिहितं. चौघांच्या तिकिटातून एकाचंच रद्द करायचं असेल तर एकाचंच नाव. आम्ही मूळ तिकीट जमा करून घ्यायचो आणि उरलेल्या तिघांचं नवं तिकीट छापून द्यायचो. रांगेतला माणूस तोंडाने "तिकीट रद्द करायचंय" एवढंच म्हणायचा. त्या शब्दावर मी कधी बटण दाबलं नाही. "कुणाचं? नाव लिहा," हेच आधी.

तुमच्या यंत्राने विचारलं खरं, पण नाव विचारलंच नाही.

---

नितीन_डोंबिवली

काकांचा मुद्दा मान्य, पण मी दुसऱ्या तटातला. विचारण्याचा अतिरेक झाला की कोणी वाचत नाही. आमच्या ऑफिसच्या खर्चाच्या ॲपमध्ये असाच सहाय्यक आहे. बिल जोडू का, वर्ग बदलू का, साहेबांकडे पाठवू का, खरंच पाठवू का. आता चौकट दिसली की अंगठा आपोआप "हो" वर जातो. गेल्या महिन्यात मी एकच टॅक्सीचं बिल दोनदा पाठवलं. दोन्ही वेळा त्याने विचारलं होतं, दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

वडापावला यूपीआय लाइटने पैसे देतो, पिन लागत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. रकमेची एक मर्यादा ठेवा, त्याच्या वर विचारा, खाली विचारू नका. साधं आहे.

---

पूर्वा_पुणे

नितीन, आमच्या घटनेत वायफळ गेलेली रक्कम ५६७ रुपये होती. तुमच्या मर्यादेत ती आरामात बसते. एजंटने विचारलंसुद्धा नसतं.

---

नितीन_डोंबिवली

हं. हे लक्षात आलं नव्हतं.

---

सई_म्युनिक

मी अशाच एजंटांच्या मागच्या प्रणालीवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वाच्या उत्तरातच निम्मं उत्तर आहे. किती पैसे गेले यावरून ठरवायचं नसतं, केलेलं मागे घेता येतं का यावरून ठरवायचं असतं. ४०,००० चं हॉटेल परवा रात्रीपर्यंत फुकट रद्द होत असेल तर ते बुक करताना एजंटने फार अडवू नये. दिवाळीतली १६०० ची पक्की जागा सोडताना मात्र थांबायलाच हवं, कारण ती सुटल्याक्षणी वेटिंगमधल्या दुसऱ्या कोणाची होते. तेव्हा कंपनीतल्या प्रत्येक क्रियेची एकदा बसून वर्गवारी करा: नुसतं पाहणं, बदलून परत पूर्ववत करता येण्यासारखं, आणि परत न येणारं. पहिल्यासाठी कधीच विचारू नका. नितीनच्या ॲपचा दोष हाच दिसतोय की तिथे तिन्हींना एकच चौकट आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमचा प्रश्न कोणी रचला? एजंटने स्वतः. त्याने ग्राहकाचं वाक्य वाचलं, अर्थ लावला की पूर्ण पीएनआर रद्द करायचा आहे, आणि मग त्या अर्थाचं एक गोड वाक्य केलं, "तुमचं तिकीट रद्द करू का?" त्याची समजूत चुकली होती, पण ती चूक वाक्यात दिसतच नव्हती. ग्राहकाच्या डोक्यात "तिकीट" म्हणजे आईचं, एजंटच्या डोक्यात "तिकीट" म्हणजे पीएनआर. दोघंही एकच शब्द वापरत होते, त्यामुळे "हो" ने काहीच तपासलं गेलं नाही.

म्हणून खात्रीचं वाक्य मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या वाक्यं रचणाऱ्या एआयला, लिहू देऊ नका. मॉडेलने फक्त प्रस्ताव द्यायचा: कुठली क्रिया, कुठले प्रवासी. प्रणालीने तो प्रस्ताव घ्यायचा, आरक्षणाच्या नोंदीतून नावं आणि परतावा काढायचा आणि ग्राहकासमोर चौकट मांडायची. प्रणालीने परतावा आणि ३०० सेकंदांची मुदत भरली की प्रस्ताव साधारण असा दिसतो:

```
{
  "action": "cancel_passengers",
  "passengers": [4],
  "refund": 1411,
  "expires_in_sec": 300
}
```

चौथी प्रवासी म्हणजे आजी. तिकीट १६०० चं धरलं तर १८९ वजा जाऊन १४११. एजंटने चुकून `[1,2,3,4]` पाठवलं असतं तर चौकटीत चार नावं आणि ५६४४ परतावा दिसला असता. माणूस तिथे नक्की थबकला असता.

---

गावकर_रत्नागिरी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. सईताई म्हणतात ते आमच्याकडे मेकर-चेकर म्हणून रुळलेलं आहे. एकजण नोंद करतो, दुसरा ती पास करतो. यातली खरी गोम अशी की पास करणाऱ्याने व्हाउचर आणि स्क्रीनवरची नोंद पाहायची असते. नोंद करणाऱ्याने तोंडी "साहेब, नेहमीचंच आहे" म्हटलं आणि त्यावर पास केलं की चौकशीत दोघंही सापडतात.

यूपीआयमध्येही तेच तत्त्व आहे. पिन टाकायचं पान तुम्ही वापरता त्या ॲपचं नसतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या सामायिक घटकाचं असतं. पिन ॲपला दिसतच नाही. त्या पानावर कोणाला आणि किती ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचून मग पिन टाकावा, कारण एकदा गेलेले पैसे बँक आपल्या मनाने ओढून आणू शकत नाही. आम्ही समोरच्या बँकेला विनंती करायचो, समोरच्या खातेदाराने मान्य केलं तर परत.

---

ओंकार_विद्यार्थी

एक भर घालतो. सिएरा कंपनीने २०२४ मध्ये टाऊ-बेंच नावाची चाचणी काढली, एजंट ग्राहकसेवा कशी करतात ते तपासणारी. त्यातल्या विमान कंपनीच्या नियमावलीत अशी अट आहे की बुकिंगच्या नोंदीत बदल करणारी कुठलीही क्रिया करण्याआधी एजंटने तपशील मांडायचे आणि ग्राहकाचा स्पष्ट होकार घ्यायचा. पूर्वाताईंनी या अटीचा दुसरा भाग घेतला, पहिला राहिला असं वाटतं.

तरी त्या चाचणीत एक फट आहे. गुण देताना मुख्यतः शेवटी नोंदी बरोबर झाल्या का ते बघतात. म्हणजे एजंटने न विचारता बरोबर तिकीट रद्द केलं तर तो पास होऊ शकतो. तेव्हा "आमचा एजंट चाचणीत चांगला आहे" एवढ्यावर विसंबून चालणार नाही, त्याने विचारलं होतं का ते वेगळं मोजावं लागेल.

---

पूर्वा_पुणे

ओंकार, अगदी खरं. आमच्याही चाचण्यांमध्ये आम्ही शेवटची स्थितीच बघत होतो. "विचारण्याआधीच रद्द करण्याची आज्ञा गेली का" अशी चाचणी आमच्याकडे नव्हतीच. काल लिहिली.

सई, एक शंका. चौकट प्रणालीने मांडायची हे पटलं. पण "विचारल्याशिवाय करू नकोस" हा नियम सूचनांमध्ये राहू दिला तर चालेल ना? एजंट तो पाळत होता.

---

सई_म्युनिक

राहू दे, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. सूचना म्हणजे विनंती असते. मॉडेल ती बहुतेक वेळा ऐकतं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या ऑनलाइन प्रोग्रामिंग सेवेच्या कोडिंग एजंटचं प्रकरण गाजलं होतं. वापरणाऱ्याने बदल करू नकोस असं वारंवार बजावलं होतं, तरी एजंटने चालू डेटाबेस पुसला. वर सांगितलं की आता परत आणता येणार नाही, आणि प्रत्यक्षात तो परत आणता आला. यातून मी दोन गोष्टी उचलल्या. बजावणं म्हणजे कुलूप नव्हे. आणि एखादी क्रिया मागे घेता येते की नाही हे त्या एजंटला विचारून ठरवायचं नाही, ते आपण आधीच ठरवून ठेवायचं.

कुलूप कुठे लावायचं? तिकीट रद्द करण्याची आज्ञा जिथून खरोखर बाहेर जाते त्या कोडमध्ये. ग्राहकाने चौकटीतलं बटण दाबलं की प्रणाली एक टोकन, म्हणजे परवानगीची खूण, तयार करते. ते त्याच प्रस्तावाशी बांधलेलं असतं, एकदाच चालतं आणि मॉडेलच्या हाती कधीच पडत नाही. टोकन नसेल तर आज्ञा नाकारली जाते, मॉडेलने कितीही आत्मविश्वासाने "ग्राहकाने होकार दिला आहे" असं लिहिलं तरी. प्रस्तावात एक प्रवासी जरी बदलला तरी जुनं टोकन रद्द.

---

नितीन_डोंबिवली

पाच मिनिटांत टोकन संपवायचं हे मात्र जाचक वाटतं. माणूस जेवत असेल, बायकोला विचारत असेल. दुपारी विचारलं, संध्याकाळी हो म्हटलं तर काय बिघडलं?

---

खिडकी_नंबर_३

नितीनराव, बिघडतं. मी नोकरीत होतो त्या वेळचे टप्पे सांगतो, पूर्वाताईंच्या घटनेच्या वेळीही हेच होते. गाडी सुटायला ४८ तासांपेक्षा जास्त असतील तर ठरावीक रक्कम कापायची, थ्री एसीला १८०. ४८ ते १२ तासांमध्ये भाड्याच्या २५ टक्के. १२ ते ४ मध्ये ५० टक्के. त्यानंतर पक्क्या तिकिटाला काहीच परत नाही. आणि पक्कं तत्काळ असेल तर कधीही रद्द करा, परतावा शून्य.

समजा दुपारी यंत्राने विचारलं तेव्हा ५० तास उरले होते. १६०० च्या तिकिटाला १८० कापतील असं सांगितलं. गिऱ्हाइकाने संध्याकाळी हो म्हटलं तेव्हा उरले ४६. आता कापणार ४००. तो १८० ला हो म्हणाला होता, ४०० ला नाही.

रांगेत तर हे रोज व्हायचं. माणूस वेळेत येऊन उभा राहायचा आणि खिडकीपर्यंत पोचेतो टप्पा उलटायचा. मी आधी नवी रक्कम सांगायचो, मग विचारायचो. काहीजण फॉर्म परत घेऊन जायचे.

---

पूर्वा_पुणे

काका, हे तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे वेळ संपली तर नुसतं "मुदत संपली" म्हणून हाकलायचं नाही, नवी रक्कम काढून परत दाखवायची.

---

डॉ_स्नेहल

थोडं विषयांतर, पण माझाही अनुभव असाच आहे. सांगलीत माझा छोटा दवाखाना आहे. भेटीच्या वेळा सांभाळायला एक सॉफ्टवेअर घेतलं, त्यात असाच एजंट आहे. मला ताप आला म्हणून मी त्याला सांगितलं, "उद्या सकाळच्या भेटी रद्द करून पेशंटना कळव." त्याने विचारलं, मी हो म्हटलं. त्याने सकाळच्या भेटी रद्द केल्या आणि निरोप मात्र पूर्ण दिवसाच्या सगळ्यांना पाठवला. भेटी परत लावता आल्या. निरोप परत घेता आले नाहीत. सोनोग्राफीसाठी उपाशी राहायला सांगितलेल्या एक बाई दुपारी आल्याच नाहीत, कारण त्यांना "डॉक्टर नाहीत" असा निरोप गेला होता.

माझ्या एका "हो" मध्ये दोन कामं होती. भेटी रद्द करणं हे सईताईंच्या भाषेत पूर्ववत होणारं, निरोप पाठवणं परत न येणारं. दोन्हींना एकच होकार घेतला गेला. मला पेशंटची यादी एकदा दिसली असती तर चौथ्या ओळीलाच कळलं असतं.

यावर मला वाटतं विचारण्यापेक्षा थोडा उशीर ठेवणं बरं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल काही सेकंद मागे घेता येतो, तसं. दहा मिनिटं निरोप थांबवून ठेवा, मी बघेन आणि चूक असेल तर अडवेन.

---

ओंकार_विद्यार्थी

जीमेलची ती सोय जास्तीत जास्त ३० सेकंदांची आहे, आणि मेल परत येत नाही, तो तेवढा वेळ जातच नाही. म्हणजे डॉक्टर म्हणतात तो उशीरच.

---

सई_म्युनिक

डॉक्टर, निरोपांसाठी तुमची कल्पना मला आवडली. तिथे दहा मिनिटांनी फारसं बिघडत नाही. तिकिटाला मात्र उलट होईल. काकांचंच गणित घ्या: ४८ तास ५ मिनिटं उरलेली असताना कोणी रद्द केलं आणि आपण सौजन्य म्हणून दहा मिनिटं थांबलो, तर १८० चे ४०० झाले. तिथे उशीर हीच हानी. त्यामुळे प्रत्येक क्रियेला वेगळा उपाय, एकच नियम सगळीकडे चालत नाही.

---

ऋता_नाशिक

लिखित चॅटचं ठीक आहे. बोलणाऱ्या एजंटचं काय? माझे सासरे फोनवर बोलताना प्रत्येक वाक्याला "हो... हो... हं..." म्हणतात. त्याचा अर्थ होकार नसतो, "ऐकतोय, पुढे बोल" एवढाच असतो. आपल्याकडे सगळेच असं बोलतात. गॅस एजन्सीच्या यंत्राशी बोलताना ते यंत्र विचारत होतं, "तुमची नोंदणी रद्द करायची आहे का," आणि सासरे वाक्य संपायच्या आत "हो हो" म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, हो, बोला. नंबर परत लावायला चार दिवस गेले.

आणि "हो का?" म्हणजे तर प्रश्न किंवा आश्चर्य. "चालेल" म्हणजे कधी होकार, कधी नाइलाज. बोलीतला "हो" परत न येणाऱ्या गोष्टीसाठी पुरेसा मानूच नये असं माझं ठाम मत आहे.

---

गावकर_रत्नागिरी

ऋताताई, अगदी बरोबर. माझी आई तर "नाही" म्हणायच्या आधीही "हो, पण" म्हणायची.

---

मंदार_ठाणे

आमच्या घरी "बघू" म्हणजे नाही. यंत्राला हे शिकवायला दुसरा धागा काढावा लागेल.

---

पूर्वा_पुणे

ऋता, आमच्याकडे आवाजी एजंट पुढच्या तिमाहीत येणार आहे, त्यामुळे हे फार उपयोगी. काकांच्या फॉर्मवरून एक सुचतंय: "हो" ऐवजी ज्याचं रद्द करायचं त्याचं नाव ग्राहकाकडून वदवून घ्यायचं. "कोणाचं तिकीट रद्द करायचं, नाव सांगा." ग्राहक म्हणेल "सुमन", आणि यादीतली सुमन आणि प्रस्तावातली सुमन जुळली तरच पुढे.

---

सई_म्युनिक

कल्पना चांगली आहे, पण आवाज ओळखण्यात नावंच सगळ्यात जास्त चुकतात. सुमनची सुमित झाली तर? मी आवाजावर फक्त प्रस्ताव घेईन आणि होकार फोनवर आलेल्या संदेशातल्या चौकटीत घेईन.

---

ऋता_नाशिक

सासऱ्यांना ती चौकट दिसत नाही, मोतीबिंदू आहे. म्हणून तर ते बोलून कामं करतात.

---

सई_म्युनिक

मग याला माझ्याकडे आत्ता चांगलं उत्तर नाही. अशा वेळी माणसाकडे फोन वळवावा असं वाटतं.

---

अण्णा_कोल्हापूर

मी आता सगळं वाचलं. मला एवढंच विचारायचं आहे की दर महिन्याला वीजबिल भरायला हे यंत्र ठेवलं तर दर महिन्याला मला विचारणार का? तसं असेल तर मीच भरतो की.

---

गावकर_रत्नागिरी

अण्णा, त्याची सोय बँकिंगमध्ये आधीपासून आहे. दर महिन्याच्या वसुलीला तुम्ही एकदाच मंजुरी देता, कमाल रक्कम घालून. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा व्यवहारांची मर्यादा ५००० वरून १५,००० केली, त्याच्या आत दर वेळी ओटीपी मागत नाहीत. पण पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं आणि तेवढ्यात तुम्ही ते थांबवू शकता. वीजबिलाला हे बसतं, कारण कोणाला द्यायचे ते ठरलेलं असतं आणि रकमेला वरची हद्द असते. "काय वाटेल ते कर, मला विचारू नकोस" अशी मंजुरी मात्र कोणाला देऊ नये, यंत्राला नाही आणि पुतण्यालाही नाही.

---

नितीन_डोंबिवली

माझं मत बदललं आहे. रकमेची मर्यादा आधीच ठरलेल्या माणसाला पैसे देताना उपयोगी, तिकीट रद्द करताना नाही. पण विचारायचं ते एकदाच विचारा, शेवटी, सगळं एकत्र. हे मी सोडत नाही.

---

पूर्वा_पुणे

दोन आठवड्यांनी परत आले. केलं ते सांगते.

क्रियांची वर्गवारी करायला बसलो तेव्हा आमच्या एजंटकडे एकूण ३१ क्रिया निघाल्या. त्यातल्या परत न येणाऱ्या फक्त ६. आधी आम्ही १९ ठिकाणी विचारत होतो. नितीन, तुमचा वैताग खरा होता.

तिकीट रद्द करायची चौकट आता आरक्षणाच्या नोंदीवरून तयार होते. त्या कुटुंबाची जुनी चॅट परत चालवून पाहिली. एजंटने पुन्हा तीच चूक केली, चारही प्रवासी पाठवले. पण या वेळी समोर हे आलं:

"४ पैकी ४ प्रवाशांची जागा रद्द होईल. (इथे चारही नावं, प्रत्येकासमोर खूण.) परतावा ५६४४ रुपये. या जागा पुन्हा मिळण्याची खात्री नाही."

नावासमोरची खूण काढता येते. तीन खुणा काढल्या की खालचा आकडा लगेच १४११ होतो. आणि बटणावर आता "हो" लिहिलेलं नाही, "सुमन यांची जागा रद्द करा" असं लिहिलेलं आहे. नाव अर्थात नोंदीतून येतं.

एक गोष्ट अडली आहे. परवा एका ग्राहकाने भावाची जागा रद्द केली, बटण नीट वाचून दाबलं. थोड्या वेळाने भावाचा फोन, "मला न विचारता कशी रद्द केली?" तिकीट पहिल्याच्या खात्यावरून काढलेलं, प्रवासी दुसरा. होकार कोणाचा घ्यायचा?

---

खिडकी_नंबर_३

खिडकीवर ज्याच्या हातात तिकीट आणि भरलेला फॉर्म, त्याचंच आम्ही ऐकायचो. फॉर्मवर त्याची सही आणि पत्ता असायचा, नंतर भांडण आलं तर तो कागद दाखवायचो. पण भाऊ-भाऊ भांडत यायचे, हेही तितकंच खरं.

---

सई_म्युनिक

दुसऱ्या प्रवाशाचा नंबर नोंदीत असेल तर त्याला निदान कळवा तरी. पण त्याचा होकार मिळेपर्यंत थांबलात तर परत काकांचा टप्पा उलटेल. मला वाटतं हे तुम्हाला बुकिंग करतानाच विचारून ठेवावं लागेल: पुढे रद्द कोण करू शकेल, खातेदार एकटा की ज्याची जागा तो.

---

पूर्वा_पुणे

बुकिंगच्या वेळी आणखी एक प्रश्न घातला तर नितीन मला सोडणार नाहीत. तरी सोमवारी टीमपुढे ठेवते.